शिवराक जेवणावर मसल: १२ आठवड्यांच्या व्यायामाआधीची तयारी

सेट किती मारायचे हे ठरवण्याआधी एक आठवडा नेहमीसारखं जेवा आणि काय खाल्लं ते रात्री वहीत लिहा. त्या आठवड्यात मुद्दाम जास्त पनीर खाऊ नका, कारण पुढचे तीन महिने तुम्ही खरोखर किती प्रथिनांवर व्यायाम करणार आहात तेच आपल्याला कळायला हवं आहे. फोंड्याहून रोज व्हेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणाऱ्या एका मुलाची वही मी पाहिली आहे, तीच उदाहरण म्हणून घेतो. त्याचं वजन ६४ किलो आणि घरचं सगळं जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी. सकाळी दोन पाव आणि पातळ भाजी म्हणजे सुमारे ११ ग्रॅम प्रथिने. दिवसभरातल्या चहाच्या दुधातून २. दुपारी उकडा भात, वरण, अळसांद्यांचं तोंडाक आणि वाटीभर दही मिळून २८. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे ७ आणि पेलाभर दूध ८. रात्री तीन चपात्या, थोडी डाळ आणि भाजी मिळून १७. बेरीज ७३ ग्रॅम होते. म्हणजे शरीराच्या दर किलोमागे साधारण १.१ ग्रॅम.

हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण तो मोठाही नाही. वजनाच्या व्यायामावर आणि प्रथिनांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा जवळजवळ थांबलेला दिसतो. त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वरून प्रथिने घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा मिळालेली चरबीविरहित वजनाची जादा वाढ सरासरी ०.३ किलोच्या आसपास होती. म्हणजे वाढीचा मोठा भाग व्यायामानेच घडवला होता. मात्र त्या अभ्यासांतले लोक मुळात साधारण १.४ ग्रॅम खात होते. १.१ वर असलेल्या आपल्या मुलाचा तोटा त्यांच्यापेक्षा थोडा जास्त धरावा. शिवाय त्याची बरीच प्रथिने डाळी, कडधान्यं, भात आणि पावातून येतात, आणि ती दुधातल्या प्रथिनांइतकी पूर्ण पचत नाहीत.

ताटात काही बदल सहज होत असेल तर तो व्यायाम सुरू होण्याआधीच करून घ्या. या मुलाच्या न्याहारीत प्रथिने फारच कमी होती, म्हणून संध्याकाळचा दुधाचा पेला आम्ही सकाळी आणला. एकूण बेरीज तीच राहिली, पण सकाळ, दुपार आणि रात्र या तिन्ही जेवणांत १७ ते २८ ग्रॅम पडू लागले. आठवड्यातून दोनदा ५० ग्रॅम सोया चंक्स घरात चालत असतील तर त्या दिवशी सरळ २५ ग्रॅमची भर पडते. चालत नसतील तर त्यासाठी घरात वाद घालू नये. बी-१२ ची तपासणीही याच काळात करून घ्या. शाकाहारी लोकांत त्याची कमतरता बरीच आढळते, आणि मग तिचा थकवा आपण व्यायामाच्या खात्यावर लिहून बसतो.

आता व्यायामाची जुनी वही काढा आणि सेट मोजा. फक्त खरे सेट मोजायचे, म्हणजे ज्यांच्या शेवटी अजून एक ते तीन रेपच निघाल्या असत्या असे. वॉर्मअप धरायचा नाही. या मुलाचा सोमवार छातीचा होता आणि त्यात बेंच प्रेस, इनक्लाइन, फ्लाय, केबल आणि डिप्स मिळून १८ सेट होते. बेंचवर ५० किलोच्या रेप्स १०, ९, ७, ६ अशा. पुढच्या सोमवारी त्याच. त्याच्या पुढच्या सोमवारीही त्याच. पाने उलटत गेलो तरी आकडे हलत नव्हते, आणि छाती गुरुवारपर्यंत दुखत होती. दुखतं म्हणजे काम होतंय असं तो समजत होता. काम होतंय की नाही याची खरी खूण वहीतल्या रेप्समध्ये होती.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे सेट कमी करताना मन खाणार नाही. अति झालेल्या किंवा नव्या व्यायामानंतर स्नायूत प्रथिनांची निर्मिती वाढते, पण सुरुवातीला तिचा बराच वाटा झालेली इजा भरून काढण्यात जातो. शरीर त्या व्यायामाला सरावलं की इजा कमी होते आणि तीच निर्मिती वाढीसाठी उरते. ज्याच्या ताटात प्रथिने बेताचीच आहेत त्याने एका दिवशी १८ सेट मारून इजा वाढवण्यात मला काही फायदा दिसत नाही. दर आठवड्याला व्यायाम बदलण्यातही नाही, कारण प्रत्येक नवा व्यायाम ती इजा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून तयारीतला हा निर्णय पक्का करा: प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी दोन व्यायाम निवडायचे आणि १२ आठवडे तेच ठेवायचे.

सेटची सुरुवात दर स्नायूला आठवड्यात ८ पासून करा आणि ते तीन दिवसांत वाटा. आमच्या वाटणीत छातीला पहिल्या दिवशी बेंचचे ३, दुसऱ्या दिवशी इनक्लाइन डंबेलचे ३ आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बेंचचे २ सेट आले. पाठ आणि मांड्या यांचंही तसंच. दंडासाठी वेगळे दोन-चार सेट पुरतात, कारण बेंचमध्ये ट्रायसेप्स आणि रोइंगमध्ये बायसेप्स आधीच राबलेले असतात. एका दिवसाचे एकूण जास्तीत जास्त १३ सेट होतात. दोन मोठ्या सेटमध्ये अडीच-तीन मिनिटे थांबलात तरी तासाभरात काम आटोपतं. वाटणी पाहून तो म्हणाला, "दादा, एवढंच?" मी त्याला म्हटलं, प्रत्येक सेट ताजेपणाने मार आणि तीन आठवड्यांनी वही घेऊन ये.

वजन वाढवण्याचा नियमही आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ६ ते १० रेप्सच्या पट्ट्यात काम करायचं आणि तिन्ही सेट १० वर पोचले की अडीच किलो वाढवायचे. वाढवल्यावर रेप्स ७-८ वर येतील, त्यात काही बिघडलेलं नाही. सेट वाढवण्याची अट वेगळी ठेवा. चार आठवडे रेप्स चढत असतील, झोप बरी असेल आणि एखादाच स्नायू मागे वाटत असेल तर फक्त त्या स्नायूला आठवड्याचे २ सेट जास्त द्या. त्यानंतर सलग दोन वेळा त्याच व्यायामाच्या रेप्स खाली आल्या तर ते दोन काढून टाका. बेताच्या प्रथिनांवर बहुतेकांचा मुक्काम मला ८ ते १२ सेटच्या मध्ये दिसला आहे. १८-२० च्या तक्त्यांमागे धावू नका.

अपेक्षा आकड्यात लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभरात मन चुळबुळ करू लागतं. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव टक्का वाढ पुरे. ६४ किलोला ती १६० ग्रॅम होते, म्हणजे १२ आठवड्यांत दोन किलोच्या आत. त्यातलाही सगळा भाग स्नायू नसतो. याहून वेगाने वजन चढवलं तर ते पोटावर दिसेल, कारण भात वाढवल्याने प्रथिने फारशी वाढत नाहीत. वजन रोज सकाळी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पोटाचं माप दर दोन आठवड्यांनी, बेंबीच्या रेषेत. क्रिएटिन घेणार असाल तर साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. शाकाहारी माणसाच्या स्नायूत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्याला त्याचा उपयोग होतो. पण सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारं किलोभर वजन पाण्याचं असतं, ते वाढीत धरू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आकडे बिघडले तर काय करायचं हेही आत्ताच लिहा, कारण त्या दिवशी डोकं ताळ्यावर नसतं. तीन आठवडे सरासरी वजन हललंच नाही तर एकूण खाणं कमी पडतंय. संध्याकाळी शेंगदाणे आणि केळं वाढवा, सेटना हात लावू नका. वजन स्थिर आहे पण रेप्स उतरत आहेत, तर आधी झोपेची नोंद पाहा. या मुलाच्या रात्रपाळीच्या आठवड्यात हेच व्हायचं, म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करायचं आम्ही ठरवून टाकलं. वजन आणि पोट दोन्ही वाढत आहेत पण बेंच जागेवरच आहे, तर खाणं जास्त होतंय किंवा सेट खऱ्या अर्थाने कठीण नाहीत. एप्रिल-मे मधला पंख्याखालचा जिम वेगळा धरा. त्या दमटपणात तेच वजन जड लागतं. पाणी आणि मीठ पोटात गेलं, सेटमधली विश्रांती वाढवली की रेप्स परत येतात. त्यासाठी व्यायामाचा तक्ता मोडू नका.

शेवटी पंचांग आणि शिफ्टचं वेळापत्रक शेजारी ठेवून दिवस ठरवा. आमचे १२ आठवडे जूनमध्ये सुरू झाले आणि श्रावण मध्येच येणार होता. घरात श्रावणी सोमवार पाळतात, आणि साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात. म्हणून व्यायामाचे दिवस पहिल्यापासूनच मंगळवार, गुरुवार, शनिवार ठेवले. उपवासाच्या दिवशी दूध, दही आणि शेंगदाण्याचं कूट यांच्यावर भर दिला तर ३० ग्रॅमपर्यंत पोचता येतं. एकादशी व्यायामाच्या दिवशीच आली तर तो दिवस पुढे ढकलायचा. पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे केले. चवथीची गडबड होती तेव्हा जिमला सुट्टीच दिली, आणि ती वहीत सुट्टी म्हणूनच लिहिली. बाराव्या आठवड्याअखेर त्याचं बेंच ५५ किलोवर ८, ८, ७ होतं, वजन ६५.५ आणि पोट एक सेंटीमीटर जास्त. पुढच्या फेरीत छाती ८ सेटवरच ठेवली आणि पाठीला फक्त दोन सेट वाढवले.