नेटची ओढणी कट करताना आरपारपणा कसा टिकवायचा

लग्नाच्या फोटोत बॅकग्राउंड बदलायचं म्हटलं की नवरी एका क्लिकवर कट होते पण डोक्यावरची नेटची ओढणी पार वाट लावते, कारण ऑटो टूल एक तर ती पूर्ण ठेवतं, म्हणजे जाळीतून मागची जुनी हिरवळ तशीच दिसत राहते, नाहीतर पूर्ण उडवून टाकतं. आपल्याला हवी असते अर्धीमुर्धी ओढणी. त्यासाठी मास्क काळा-पांढरा नाही तर करडा लागतो. पांढरं म्हणजे दिसणार, काळं म्हणजे गायब, आणि मधला करडा म्हणजे निम्मं आरपार, एवढं डोक्यात ठेवा.

उदाहरण घेऊ. लाल लेहंगा, पांढरी नेटची ओढणी, तिला गोट्याची किनार, मागे लॉन. मी फोटोशॉपमधलं सांगतेय, पण ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्येही जवळपास हेच मेनू आहेत. फोटो आधी लहान करू नका हं, जाळीचे दोरे एकमेकांत मिसळून जातात.

सुरुवातीला Ctrl+J दाबून दोन कॉपी करा. वरच्या कॉपीत फक्त ठोस भाग ठेवायचा: चेहरा, केस, लेहंगा, गोटा. आणि इथे बरेच जण उगाच कष्ट घेतात, ओढणीचा जो भाग तिच्याच अंगावरून किंवा केसांवरून गेलाय तो आरपार करायची गरजच नाही, कारण त्यातून दिसतंय ते तिचंच आहे, ते ठोसमध्येच जाऊ द्या. खरं काम उरतं ते फक्त हवेत लटकणाऱ्या, मागे लॉन असलेल्या भागाचं. ते दुसऱ्या कॉपीवर.

आता ठोस लेअर डोळा बंद करून लपवा, Channels पॅनल उघडा आणि Red, Green, Blue एकेक क्लिक करून बघा. ओढणी उजळ आणि मागचं काळपट कुठे दिसतं? गवताच्या बाबतीत बहुतेक Blue, कारण हिरव्या-पिवळसर गवतात निळा रंग सगळ्यात कमी असतो. त्यावर राइट क्लिक करून Duplicate Channel. मूळ चॅनलला हात लावायचा नाही, नाहीतर फोटोचा रंगच बिघडेल.

कॉपीवर Ctrl+L. डावा काळा स्लायडर आत आणा, गवत जेमतेम काळं होईपर्यंत. उजवा पांढरा स्लायडर फक्त इतकाच आणा की जिथे ओढणीची दुहेरी-तिहेरी घडी आहे तिथे पांढरं होईल. एकेरी जाळी करडीच राहिली पाहिजे, तीही पांढरी झाली तर तुम्ही ओढणीचा पडदा केलात. उरलेले उजळ ठिपके, आकाशबिकाश, काळ्या ब्रशने पुसून टाका.

मग त्या चॅनलच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक केलं की सिलेक्शन येतं. वर RGB वर क्लिक करा, ओढणीच्या लेअरवर परत या, Add layer mask. आता सगळ्यात खालचा मूळ फोटो लपवा आणि ठोस लेअर परत दाखवा. झाली आरपार.

पण एवढ्यावर थांबलात तर नव्या क्रीम बॅकग्राउंडवर ओढणी शेवाळलेली दिसेल. कारण फोटोत जाळीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये आधीच ओढणीचा पांढरा आणि मागचा हिरवा मिसळलेला आहे, मास्कने पारदर्शकपणा आला, हिरवा गेला नाही. म्हणून त्या लेअरवर नवा लेअर घ्या, Alt+Ctrl+G ने खाली क्लिप करा, आयड्रॉपरने जाड घडीतला पांढरा उचला आणि सगळीकडे भरा. आता रंग एकच, आणि घड्यांची जाड-पातळ नक्षी मास्कमधून येतेय. फार सपाट वाटलं तर त्या लेअरची Opacity थोडी कमी करा, जितकी कराल तितका हिरवा परत डोकावतो, त्यामुळे बेतानेच.

तपासायला खाली एकदा गडद आणि एकदा फिका रंग टाकून बघा. गडदवर ओढणीभोवती धुरकट ढग दिसला तर काळा स्लायडर कमी पडलाय. फिक्यावर पांढरी ओढणी जवळपास नाहीशी होणारच, खऱ्या आयुष्यातही होते, तेव्हा बॅकग्राउंड जरा गडद घ्या.

काळ्या ओढणीला उलटं: मागचं सगळ्यात उजळ असलेला चॅनल घ्या, कॉपीवर Ctrl+I मारा, पुढे तेच, फक्त भरायचा रंग काळा. आणि मागे लायटिंगच्या माळा किंवा खुर्च्या असतील तर ही युक्ती सरळ फसते, त्यांचे आकार मास्कमध्ये उमटतात, तिथे मऊ ब्रशने हातानेच करडा रंगवावा लागतो.

सेव्ह PNG मध्येच. JPG ला पारदर्शकपणा माहीतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.