टबचा ओव्हरफ्लो गळतो आणि डाग खालच्या छतावर येतो : या चुका टाळा

न्यू जर्सीत आमच्या ओळखीत ज्यांची ज्यांची दोन मजली लाकडी घरं आहेत त्यातल्या निम्म्यांनी तरी मला कधी ना कधी डायनिंग रूमच्या छताचा फोटो पाठवलाय. पांढऱ्या ड्रायवॉलवर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग, कडेला गडद रेघ, आणि खाली मेसेज, "वरचं टॉयलेट गळतंय बहुतेक". मी प्रत्येक वेळी एकच विचारते, परवा टबमध्ये कोणी पाणी भरून आंघोळ केली का? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की हो, मुलं बसली होती.

आपल्या घरांमध्ये टबचा वापर कसा होतो ते बघा. रोज शॉवर, किंवा टबमध्येच बादली-मग ठेवून आंघोळ. टब काठोकाठ भरायची वेळ वर्षातून चार वेळा येते. नळाच्या खाली, टबच्या आतल्या भिंतीवर जी गोल प्लेट असते, तिच्यामागे ओव्हरफ्लोचं भोक असतं, टब जास्त भरला की पाणी तिथून पाइपात जावं म्हणून. त्या भोकाच्या मागे, टबची मागची बाजू आणि पाइपाचा बाक यांच्यामध्ये रबराची एक जाड चकती दाबून बसवलेली असते, तेच गॅस्केट. वीस-पंचवीस वर्षांत ती कडक होते, चिरते, आणि कोणाला पत्ता लागत नाही कारण पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. मग भारतातून आजी-आजोबा येतात, नातवंडांना टब भरून देतात, दोन मुलं आत उड्या मारतात, माणूस आत बसला की पाणी आपोआप वर चढतं, आणि तासाभराने खाली टपटप. ही गळती पाण्याच्या उंचीची आहे. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

प्लेटच्या कडेने सिलिकॉन फासणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी असाच डाग आला. तिच्या नवऱ्याने प्लंबरला बोलावलं, त्याने न तपासता टॉयलेटच्या बुडाखालची मेणाची चकती, म्हणजे वॅक्स रिंग बदलली, पैसे घेतले आणि गेला. तीन आठवड्यांनी डाग मोठा झाला. मग तिच्या नवऱ्यानेच कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि ओव्हरफ्लोच्या प्लेटभोवती सिलिकॉनची जाड वळी ओढली, पूर्ण गोल, खालची खाच पण बुजवून. आणि गळती थांबली! दोन महिने काही नाही. छत रंगवून घेतलं, मला पेढे पण दिले.

थांबली का तर पाण्याला आत जायला वाटच राहिली नाही. प्लेटच्या खालच्या कडेला जी फट असते ना, ती दिसायला क्षुल्लक असते पण पाणी तिथूनच आत जातं. ती बंद म्हणजे ओव्हरफ्लोच बंद. एका रविवारी काकूंनी, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाईंनी, नातवासाठी नळ सोडला, खाली फोडणी करपायला लागली म्हणून धावत गेल्या आणि तिथेच बोलण्यात रमल्या. ओव्हरफ्लो चालू असता तर जास्तीचं पाणी बराच वेळ पाइपातून गेलं असतं. तसं नव्हतं म्हणून टब काठावरून वाहिला, बाथरूमची फरशी, तिथून खालचं प्लायवूड, आणि डायनिंगच्या छताचा साधारण चार फूट तुकडा टेबलावर कोसळला. नशीब तेव्हा कोणी जेवायला बसलं नव्हतं. आणि काकू स्वतःला दोष देत राहिल्या, ते बघून मला फार वाईट वाटलं कारण दोष त्यांचा नव्हताच, त्या वळीचा होता.

वाळलेलं सिलिकॉन खरवडायला आम्हा दोघींना पूर्ण दुपार लागली. आत बघितलं तर मूळचं गॅस्केट तसंच, खालच्या बाजूला चिरलेलं. पाच-दहा डॉलरची वस्तू.

तेव्हा समोरून काहीही फासू नका. पाणी अडवायची जागा प्लेटच्या मागे, टबच्या पाठीला आहे.

घाईघाईत चुकीच्या क्रमाने टेस्ट करणे

आधी प्लेट काढून "आत काय आहे बघूया" हे तर अजिबात करू नका. प्लेटचे स्क्रूच त्या पाइपाच्या बाकाला टबकडे ओढून धरतात, गॅस्केट त्याच ताणाने दाबलेलं असतं. स्क्रू ढिले केले की चांगलं गॅस्केटसुद्धा गळायला लागतं आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही.

मी करते ते असं. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारते आणि तारीख लिहिते. डागाच्या आसपास दिवा असेल तर त्याचा ब्रेकर बंद. छत फुगून लोंबत असेल तर खाली बादली ठेवून स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडते, नाहीतर पाणी साठून मोठा तुकडा पडतो. टबच्या मागच्या भिंतीत, बऱ्याचदा पलीकडच्या क्लोजेटमध्ये, ॲक्सेस पॅनल असतं, ते उघडून टॉर्च आणि कोरडे पेपर टॉवेल घेऊन बसते. मग खालून वर जायचं, हा क्रम सोडायचा नाही.

पहिल्यांदा ड्रेन बंद करून टबमध्ये फक्त चार-पाच इंच पाणी, ओव्हरफ्लोच्या बरंच खाली. अर्धा तास थांबा. खरंच अर्धा तास, पाच मिनिटांत "काही नाही" म्हणणारे लोक पुढच्या महिन्यात परत फोन करतात, कारण पाण्याला लाकडावरून सरकत सरकत ड्रायवॉल भिजवायला वेळ लागतो. इथे ओल आली तर दोष ड्रेनच्या तोंडाशी आहे. नाही आली तर पाणी एकदम सोडून द्या, तेव्हा टबखालचा वाकडा पाइप म्हणजे ट्रॅप आणि खालचे सांधे तपासले जातात. तेही कोरडं असेल तर आता टब परत भरा, ह्या वेळी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वरपर्यंत, आणि नळ बारीक चालू ठेवून दहा मिनिटं पाणी ओव्हरफ्लोतून जाऊ द्या. ह्या वेळी टबजवळून हलू नका. मागे टॉर्च मारलात तर गॅस्केट गळत असेल तेव्हा टबच्या पाठीवरून, बरोबर भोकाच्या खालून सुरू होणारा ओला ओघळ दिसेल. ओघळ वरून नसून पाइपाच्या खालच्या जोडावरून सुरू होत असेल तर गॅस्केट बदलून उपयोग नाही, तो सांधा बघायला हवा. पॅनल नसेल तर खाली छताकडे बघत कोणीतरी उभं राहायला पाहिजे, आणि तिथेही पुढचा अर्धा तास बघत राहायचं.

शॉवरची टेस्ट वेगळ्या दिवशी, सगळं वाळल्यावर. शॉवरनेच गळत असेल आणि भरलेल्या टबने नाही, तर टाइलचे सांधे किंवा नळाच्या भोवतालची जागा बघा. पण हँडशॉवरचा झोत सरळ प्लेटवर धरल्यावरच गळत असेल तर परत आपलं गॅस्केटच.

नवीन गॅस्केट उलटं बसवणे

दुकानात दोन प्रकार मिळतात, सपाट आणि पाचरीसारखं, म्हणजे एका बाजूला जाड एका बाजूला पातळ. जुनं काढून सोबत घेऊन जा, अंदाजाने आणू नका. पाचरीचं असेल तर जाड बाजू खाली. कारण टबची भिंत वर जाताना बाहेरच्या बाजूला झुकते आणि पाइप सरळ उभा असतो, त्यामुळे दोघांतली फट खाली जास्त असते. उलटं लावलं तर नेमकी खालची बाजू, जिथे पाणी पहिल्यांदा पोचतं, तीच सैल राहते.

बसवताना दोन्ही स्क्रू काढा. प्लेटला छोटा खटका असेल तर त्याच्यासोबत आतला दांडा आणि पाणी अडवणारा प्लंजर पण बाहेर येईल, सावकाश ओढा आणि जसाच्या तसा बाजूला ठेवा, त्याची लांबी बदलू नका. मागून जुनं गॅस्केट काढा, टबच्या पाठीवरचा चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून फडक्याने पुसा. जुन्या पोलादी टबला भोकाभोवती गंज असतो, तो सँडपेपरने गुळगुळीत करा, खडबडीत कडेवर रबर नीट टेकत नाही. नवीन गॅस्केट टब आणि बाकाच्या मध्ये सरकवा, एकाने मागून बाक दाबून धरायचा, दुसऱ्याने पुढून भोकात बोट फिरवून बघायचं की रबर सगळीकडे सारखं बसलंय, एका बाजूने डोकावत नाहीये. सुकं सरकत नसेल तर बोटाने थोडं भांड्यांचा साबण लावते मी. व्हॅसलिन नको, त्याने रबर खराब होतं. सिलिकॉन इथेही नको, ओलं असताना रबर त्यावरून घसरतं.

मागून जागाच नसेल तर पुढूनही जमतं. स्क्रू काढल्यावर बाक थोडा मागे सरकतो, दोन बोटांनी जुनं ओढून काढायचं, नवीन दुमडून भोकातून आत घालायचं आणि पसरवायचं. पण पाइप हलत नसेल तर जोर लावू नका, खालचा सांधा निखळेल. क्लोजेटच्या बाजूने भिंत कापा.

स्क्रू जोर लावून पिळणे

दोन्ही आधी हाताने, मग आळीपाळीने थोडे थोडे. रबर दबलं की थांबा. जास्त पिळलं तर रबर बाहेर येतं नाहीतर आतले आटे जातात, आणि ॲक्रिलिकचा टब असेल तर भिंत वाकते.

लगेच छत बंद करणे आणि रंगवणे

परत तीच टेस्ट, खालून वर, भोकाच्या वरपर्यंत. ओलं ड्रायवॉल एक-दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते, त्यामुळे मऊ पडलेला भाग कापूनच टाका. छत 1980 च्या आधीचं आणि पॉपकॉर्नसारखं खरखरीत असेल तर कापायच्या आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. साधा रंग थेट लावला तर डाग महिन्याभरात वर येतो, आधी डाग दाबणारा शेलॅकचा प्रायमर लागतो. मी पेन्सिलच्या रेघेच्या आत पूर्ण दोन आठवडे बघते, मधे मुलांना मुद्दाम दोनदा टब भरून देते, आणि मगच प्रायमर.

मैत्रिणीच्या घरी आम्ही क्लोजेटमधली भिंत बंदच केली नाही. चार स्क्रूंची प्लायवूडची फळी लावली आणि तिच्या आतल्या बाजूला गॅस्केट कोणत्या तारखेला बदललं ते मार्करने लिहून ठेवलं.