डेल्टाचा शेवटचा कोपरा जोडण्याआधी: ट्रान्सफॉर्मर पोलॅरिटीच्या या चुका टाळा

समोर तीन सिंगल-फेज ट्रान्सफॉर्मर आहेत, प्रत्येक 415/110 व्होल्टचा. प्रायमरी डेल्टात जोडून झाली आहे आणि आता सेकंडरीचीही डेल्टा करायची आहे. एका सेकंडरीची टोकं उलटी लागली तर डेल्टाच्या आत 220 व्होल्ट उभे राहतात. त्यांना अडवायला वाइंडिंगच्या इम्पीडन्सशिवाय काहीच नसतं. तो प्रत्येकी 5 टक्के धरला, तर बाहेर एकही लोड नसताना रेटेड करंटच्या सुमारे 13 पट करंट आत फिरू लागतो.

टॅगवर डोळे झाकून विश्वास

रिवाइंड होऊन आलेला एक ट्रान्सफॉर्मर माझ्या हाताखालून गेला होता. रंग नवा, टॅग नवे, अक्षरं सुबक. फक्त सेकंडरीचे 1 आणि 2 अदलाबदल झालेले. तेव्हापासून मी प्रत्येक नग स्वतः तपासतो आणि स्वतःची टेप लावतो.

तपासणी सोपी आहे. प्रायमरीचं 1 नंबरचं टोक आणि सेकंडरीचं 1 नंबरचं टोक जंपरने जोडा. प्रायमरीला फ्यूजमधून 230 व्होल्ट द्या आणि उरलेल्या दोन टोकांत, म्हणजे 2 आणि 2 मध्ये, मीटर लावा. सेकंडरीत साधारण 61 व्होल्ट येतील. मीटर 169 दाखवत असेल तर व्होल्टेज वजा झालंय, म्हणजे दोन्ही 1 नंबर एकाच पोलॅरिटीचे आहेत. 291 दिसले तर बेरीज झालीय, सेकंडरीचे टॅग उलटे आहेत.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, सप्लाय सेकंडरीला देणं. 110 च्या वाइंडिंगला 230 दिले तर प्रायमरीवर 800 च्या पुढे व्होल्टेज जाऊ पाहतं आणि कोर सॅच्युरेट होतो. दुसरी, सेकंडरीचं अर्थिंग न सोडवणं. जंपर लावला की सेकंडरी थेट मेन्सला बांधली जाते. तिचं एखादं टोक अर्थिंगला जोडलेलं असेल आणि जंपरकडे फेज आला असेल, तर तो सरळ शॉर्ट. याच कारणाने तपासणी चालू असताना सेकंडरीलाही हात लावायचा नाही, ती 110 चीच आहे म्हणून गाफील राहायचं नाही.

मीटरचा शून्य खरा मानणं

दोन सारख्या सेकंडरी पॅरलल करताना एकेक टोक जोडून उरलेल्या दोन टोकांत मोजतात. जवळपास शून्य आलं तर जोडा, दुप्पट आलं तर एक उलटी आहे. पण जंपर सैल असेल, मीटरची लीड तुटली असेल, तरी शून्यच येऊ शकतं! म्हणून आधी प्रत्येक वाइंडिंगचे 110 वेगळे मोजा. मग शून्य मिळाल्यावर सप्लाय बंद करा, एका सेकंडरीची टोकं मुद्दाम उलटी करा आणि पुन्हा मोजा. आता 220 यायला हवेत. नाही आले तर आधीचा शून्य खोटा होता.

डेल्टा एका दमात बंद करणं

डेल्टा पायरीपायरीने बांधा. पहिल्या सेकंडरीचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडा आणि बाहेरच्या दोन टोकांत मोजा. 110 आले तर बरोबर, 190 आले तर दोघींपैकी एक उलटी. मग तिसरी जोडा, शेवटचा कोपरा उघडाच ठेवा आणि त्या फटीत मोजा. शून्याच्या आसपास असेल तर बंद करा. 220 असेल तर मुळीच नको. पहिली पायरी गाळली तर हेच 220 एक सेकंडरी उलटी असतानाही दिसतात आणि दोन उलट्या असतानाही, मग शोधत बसावं लागतं.

तिन्ही उलट्या असतील तर मात्र फटीत शून्यच येतं. तीन ट्रान्सफॉर्मरची ही बँक एकटी चालणार असेल तर काही बिघडत नाही. पण शेजारच्या बँकेशी पॅरलल करायची असेल तर तिचं व्होल्टेज 180 अंशांनी फिरलेलं असतं. तेव्हा दोन्ही बँकांचा एकेक फेज जोडून बाकीच्या दोन फेजच्या जोड्यांत शून्य येतं का, हेही पाहावं लागतं.

आता एक अपवाद, जिथे अनुभवी माणूसही गोंधळतो. प्रायमरी स्टारमध्ये असेल आणि तिचा न्यूट्रल सप्लायच्या न्यूट्रलला जोडलेला नसेल, तर सगळं बरोबर असूनही उघड्या कोपऱ्यात बरंच व्होल्टेज दिसतं. तिन्ही फेजमधला थर्ड हार्मोनिक एकाच दिशेने येतो आणि त्याची बेरीज होते. मीटरला फ्रिक्वेन्सी मोजता येत असेल तर 50 ऐवजी 150 हर्ट्झ दिसतात. नसेल तर तपासणीपुरता न्यूट्रल जोडून पुन्हा मोजा. आकडा कोसळला तर दोष पोलॅरिटीचा नव्हता, आणि एका सेकंडरीच्या व्होल्टेजच्या दुपटीच्या आसपास राहिला तर सेकंडरी पुन्हा एकेक करून तपासा.