मांजराला घरचं जेवण द्यायचंय? आधी हाडांचा हिशोब मांडा

आमच्या गोटीला मी चार महिने नुसतं उकडलेलं बोनलेस चिकन घातलं. इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात बहुतेक घरची मांजरं दूध-पोळीवर वाढतात. त्या मानाने आपण फारच शास्त्रशुद्ध वागतोय, असा माझा समज होता. पिल्लू आवडीने खायचं, गुटगुटीतही दिसायचं. मग तिने खिडकीत उडी मारणं सोडलं. उचललं की ओरडायला लागली. एक दिवस दिवाणावरून उतरताना तिचा मागचा पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट दिसत होती की ती आजूबाजूच्या मांसापासून वेगळी ओळखू येईनात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिला खायला काय देता?"

कारण साधं होतं. 100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस असतो 200 मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम 10. मांजराला दोन्ही जवळपास सारखे लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. शिकार करणारं मांजर उंदीर हाडांसकट खातं, म्हणून त्याचा हिशोब आपोआप जुळतो. आपण हाडं काढून टाकतो. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडांतून ते उपसतं. भात किंवा भोपळा घातल्याने ही तूट भरत नाही.

तरीही घरचं जेवण मी टाकाऊ म्हणणार नाही. त्यात पाणी भरपूर असतं. कोरड्या दाण्यात ते दहा टक्क्यांच्या आसपास, शिजवलेल्या चिकनमध्ये साठ-सत्तर टक्के. लघवीचा किंवा बद्धकोष्ठाचा त्रास असणाऱ्या मांजराला याचा खरा उपयोग होतो. ॲलर्जी शोधायची असेल तेव्हा ताटात नेमकं काय आहे हेही आपल्याला ठाऊक असतं. पण 2019 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या 114 घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा बहुतेकींत काही ना काही आवश्यक घटक कमी निघाला. तेव्हा आवडीने खाल्लं म्हणजे पोषण झालं, असं धरून चालू नका.

कच्चं की शिजवलेलं?

शिजवलेलंच. कच्च्या मांसाचे म्हणून जे फायदे सांगतात, ते शिजवलेल्या संतुलित जेवणापेक्षा जास्त आहेत असं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडचं दुकानातलं चिकन घरी खळखळून शिजवलं जाईल, हे धरूनच कापलं जातं. त्यातले साल्मोनेला जंतू फ्रीझरमध्ये मरत नाहीत, फक्त थिजतात. मांजर स्वतः ठणठणीत राहूनही विष्ठेतून ते बाहेर टाकू शकतं. घरात रांगतं बाळ, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर हा धोका घ्यायचं कारणच नाही. आणि कच्च्या चिकनमधून येऊ शकणारा बर्ड फ्लूही फार लांबचा राहिलेला नाही. 2025 च्या सुरुवातीला आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांमध्ये त्याचा एच5एन1 विषाणू सापडला. त्याच्या थोडंच आधी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच दगावले.

आठवड्याचा घाणा

हे प्रमाण चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, निरोगी, मोठ्या मांजरासाठी आहे. पिल्लू, गाभण मांजर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं मांजर यांना हे देऊ नका. पिल्लाला वर्षभर तयार 'किटन फूड'च द्या. गोटीच्या बाबतीत मी चुकले ते इथेच.

दुकानात "हड्डी निकाल दूँ?" असं विचारतील, तेव्हा हो म्हणा. छातीचं नको, मांडीचं मांस घ्या, कातडी काढून 1 किलो. सोबत 50 ग्रॅम कलेजी. कलेजीतून तयार 'अ' जीवनसत्त्व मिळतं. गाजरातलं मांजराच्या कामाचं नाही, कारण त्याचं रूपांतर करणं त्याच्या शरीराला जमत नाही. पण आवडते म्हणून रोज मूठभर कलेजी दिली, तर तेच जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना जखडतात. तेव्हा 50 म्हणजे 50. त्यासाठी छोटा वजनकाटा घ्या, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका.

मांस आणि कलेजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, आत गुलाबी रंग उरणार नाही इतकी शिजवा. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या रश्श्यातला धुतलेला तुकडाही नको. खाली उरलेलं पाणी फेकू नका, कारण मांसातलं टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेलं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं. दोन अंडी वेगळी उकडून घ्या आणि सगळं मिक्सरवर खिम्यासारखं फिरवा.

आता हाडांची भरपाई. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, तव्यावर कडक वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. दातांखाली कचकच लागता कामा नये. या घाण्यात फॉस्फरस सुमारे 2200 मिलिग्रॅम भरतो. त्यात टरफलाची 6 ग्रॅम पूड घाला, तिच्यातून जवळपास 2300 मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, मांस आणि अंड्यांतलं थोडं वेगळं. हिशोब जुळला. शिजवलेली हाडं मात्र घालू नका, ती तुसासारखी फुटून आतड्यात रुततात.

मिश्रण कोमट झालं की 2 ग्रॅम शुद्ध टॉरिन पावडर मिसळा. जिमवाल्यांसाठी मिळते ती, चव किंवा कॅफीन नसलेली. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे 1987 साली समोर आलं. डोळ्यांचा पडदाही झिजतो. हृदय बरेचदा सावरतं, पण गेलेली दृष्टी परत येत नाही.

एवढ्यावर जेवण पूर्ण झालं असं वाटतं, पण झालेलं नसतं. 'ई' आणि 'ड' जीवनसत्त्वं, आयोडीन, जस्त, मँगनीज अजून कमीच आहेत. आयोडीनयुक्त मिठावर भागवायचं म्हटलं, तर मांजराला रोज फारच जास्त मीठ चारावं लागेल! यासाठी घरगुती जेवणात घालायचं, मांजरासाठीच बनवलेलं व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण लागतं. आपलं मल्टिव्हिटॅमिन चालत नाही. ते मिश्रण घेण्यापूर्वी वरची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. त्यात कॅल्शियम आधीच असेल तर टरफलाची पूड कमी करावी लागते. हे मिश्रण मिळालं नाही, तर घरचं जेवण आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेपुरतंच ठेवा आणि बाकी तयार खाणं द्या.

शिजल्यावर वजन बदलतं, म्हणून ग्रॅम मोजत न बसता घाण्याचे सात सारखे भाग करा. एक भाग म्हणजे एका दिवसाचं जेवण, साधारण 200 कॅलरी. दोन भाग फ्रीजमध्ये, पाच फ्रीझरमध्ये. मे महिन्यात वाटी अर्ध्या तासात उचला.

बदल आणि पहारा

जुन्या खाण्यात रोज थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत बदल करा. "भूक लागेल तेव्हा खाईल" हे मांजराला लागू नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेतू शकतं. चोवीस तास तोंड लावलं नाही, तर जुनं खाणं परत द्या.

दर रविवारी वजन करा. सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्या. उडी टाळणं, लंगडणं, अंधारात वस्तूंना धडकणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. टॉरिनची तूट दिसायला कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे पहिले दोन महिने छान गेले यावरून काहीच ठरत नाही.

गोटीची हाडं पिंजऱ्यातली विश्रांती आणि किटन फूड यांवर काही आठवड्यांत भरली. पण कंबरेचं हाड वाकडं जुळलं आणि आतली वाट अरुंद राहिली, त्यामुळे तिला शौचाला त्रास होतो. आज ती तीन वर्षांची आहे. पाणीदार जेवण तिला मानवतं, म्हणून हा घाणा मी दर शनिवारी लावते, काटा समोर ठेवून.