सप्तपदी हिंदीतून समजावून सांगायची असेल तर

मुलगी डिचोलीची, मुलगा कानपूरचा, लग्न फोंड्यातल्या एखाद्या देवस्थानच्या हॉलमध्ये. अशा वेळी घरातल्या कुणाला तरी सांगितलं जातं, "तू हिंदीत समजावून सांग हं!" मग तो मोबाइलवर 'सात वचन' शोधतो आणि माईकवर वाचून दाखवतो. नेमकी इथेच गडबड होते.

उत्तरेकडे प्रचलित असलेली सात वचनं वधू वराकडे मागते: तीर्थयात्रेला, व्रताला मला सोबत घ्याल तर मी तुमच्या डाव्या बाजूला येईन, अशा धाटणीची. आपल्याकडचे भटजी सप्तपदीला जे मंत्र म्हणतात ते वेगळे आहेत. त्यात वर वधूला उद्देशून बोलतो आणि प्रत्येक पावलाला एकेक गोष्ट मागतो. भटजी अन्नाचा मंत्र म्हणत असताना माईकवर तीर्थयात्रा चालू असेल, तर हिंदी आणि संस्कृत दोन्ही जाणणाऱ्या आजोबांच्या ते लगेच लक्षात येतं.

म्हणून सगळ्यात आधी, लग्नाच्या निदान आठवडाभर अगोदर, भटजींना भेटा. ते कोणते मंत्र म्हणणार, कोणत्या क्रमाने, हे त्यांच्याकडूनच वहीत उतरवून घ्या. शाखेप्रमाणे पाठात फरक असतो. बहुतेक ठिकाणी 'इष एकपदी भव' इथून सुरुवात होते आणि 'सखा सप्तपदी भव' इथे सातवं पाऊल पडतं. प्रत्येक पावलाला 'सा मामनुव्रता भव' हेही म्हणतात का, ते विचारून ठेवा.

आता प्रत्येक मंत्रासाठी हिंदीत एक, फार तर दोन वाक्यं लिहा. वराच्या तोंडची वाटावीत अशी, आणि दहा वर्षांच्या मुलाला कळतील अशी:

"पहला कदम अन्न के लिए। हमारे घर में खाने की कमी न हो।"
"दूसरा कदम बल के लिए। हम दोनों स्वस्थ रहें।"
"तीसरा कदम धन के लिए। जो कमाएँ, वह बढ़े।"
"चौथा कदम सुख के लिए।"
"पाँचवाँ कदम संतान के लिए।"
"छठा कदम ऋतुओं के लिए। हर मौसम में हम साथ रहें।"
"सातवाँ कदम मित्रता के लिए। अब तुम मेरी सखी हो।"

चौथ्या-पाचव्याला मी मुद्दाम कमी शब्द ठेवलेत. तिथे भाषण वाढवायचा मोह होतो आणि पाचव्याला तर कुणीतरी हमखास विनोद करतं. नवरीला अवघडल्यासारखं होतं, ते टाळा. सातव्याला मात्र थोडं थांबा. अन्न, बळ, धन, सुख सगळं मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागितली आहे, ही गोष्ट आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना भिडते. 'अनुव्रता'चा अर्थ पहिल्या पावलालाच एकदा सांगा: "मेरे व्रत में मेरे साथ चलो।" सातही वेळा नको.

कानपूरच्या पाहुण्यांसाठी आणखी एक खुलासा आधीच करायला हवा. ते अग्नीभोवती सात फेऱ्यांची वाट पाहत असतात. आपल्याकडे लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या वेळी अग्नीला सहसा तीनच प्रदक्षिणा होतात. सात पावलं पडतात ती तांदळाच्या सात राशींवर. वर हात धरतो आणि वधू उजवं पाऊल एकेका राशीवर ठेवत पुढे जाते. हे न सांगितल्यास "बाकी चार फेरे कब होंगे?" असं विचारणारं कुणीतरी असतंच. लाजाहोमाआधी दोन वाक्यांत सांगून टाका.

बोलायचं कधी, हे पाठ करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मंत्र चालू असताना बोलू नका. भटजींनी मंत्र संपवला, की पाऊल पडायच्या आत तुमचं वाक्य व्हायला हवं, म्हणून ते एका श्वासात बसलं पाहिजे. भटजींशी खूण ठरवा: तुमचं वाक्य संपलं की तुम्ही मान हलवायची, मग पाऊल. वाजंत्रीवाल्यांना या वेळात थांबायला सांगा. माईक दोन हवेत, नाहीतर तो हातोहात फिरवण्यात निम्मी पावलं निघून जातात.

खरी अडचण वेगळीच असते. अक्षता पडल्या की मंडळी जेवणाकडे वळतात आणि सप्तपदीला समोर मोजकेच नातेवाईक उरतात. मंगलाष्टकं संपताच माईकवर वेळ सांगा: "बीस मिनट बाद सप्तपदी है, बच्चे आगे बैठें।" ही वेळ भटजींना विचारूनच सांगा. राशी जमिनीवर असल्यामुळे मागच्यांना त्या दिसत नाहीत. मुलांना पुढे खाली बसवा, ज्येष्ठांच्या खुर्च्या बाजूला लावा.

शेवटच्या पावलानंतर "अब कानूनन पति-पत्नी हुए" असं म्हणू नका. गोव्यात कायद्याने लग्न लागतं ते सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या नोंदणीने. "सात कदम पूरे हुए, आशीर्वाद दीजिए" एवढं म्हणून माईक भटजींकडे द्या.