सेफ्टी शूज निवडताना या चुका टाळा : टो कॅप, सोलची पकड आणि लांब शिफ्ट

भोसरीतील एका लहान मशीन शॉपचे स्टोअर माझ्याकडे असताना मी बेचाळीस जोड्यांची एकच ऑर्डर दिली होती. विक्रेत्याला मी दोनच प्रश्न विचारले होते: स्टील टो आहे ना, आणि सगळे नंबर मिळतील ना? महिनाभरात तीन ठिकाणांहून तक्रारी आल्या. सीएनसी मशीनवरचे कामगार कुलंटवर, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवावर, घसरत होते, शेडच्या वाढीव बांधकामावरील एकाच्या तळव्यात शटरिंगचा खिळा घुसला, आणि असेंब्लीतील चार-पाच जण घरचीच चप्पल घालून येऊ लागले. शूज वाईट नव्हते. चूक ऑर्डरमध्ये होती.

टो कॅपविषयीचे गैरसमज

"स्टील टो" एवढ्याने काहीच ठरत नाही. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या भाग २ मधील शूजची टो कॅप, म्हणजे बोटांवरची कडक टोपी, २०० ज्यूलचा आघात सोसेल अशी असावी लागते. वीस किलोचे वजन साधारण एक मीटरवरून पंजावर पडावे, एवढा तो आघात असतो. भाग ३ मधील शूजसाठी ही अट निम्मी, म्हणजे १०० ज्यूल आहे आणि भाग ४ मधील शूजमध्ये टो कॅपची सक्तीच नाही. बाहेरून तिन्ही शूज सारखेच काळे आणि जाड दिसतात. त्यामुळे आयएसआय चिन्हाशेजारचा भाग क्रमांक पाहिल्याशिवाय जोडी पसंत करू नये. चिन्हासोबत छापलेला परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे, हे मिनिटभरात कळते.

स्टील की कंपोझिट, यावर स्टोअरच्या खिडकीशी फार वाद होतात. एकाच मानकाखाली प्रमाणित झालेल्या दोन्ही कॅपना आघाताची परीक्षा तीच असते. फरक वापरात जाणवतो. कंपोझिट कॅप हलकी असते, ऊन किंवा थंडी पटकन आत नेत नाही आणि मेटल डिटेक्टरच्या दारातून सहज जाते. मात्र तेवढीच ताकद देण्यासाठी ती जाड करावी लागते आणि शूजचे नाक फुगीर होते. स्टीलची कॅप पातळ असून मार बसल्यावर चेपते, त्यामुळे तिची इजा निदान हाताला लागते. कंपोझिटमधील तडा चामड्याखाली लपू शकतो. म्हणून पंजावर एकदा जोरदार वजन पडले, की कॅप कोणतीही असो आणि शूज वरून धडधाकट दिसो, ती जोडी बाद करावी. कॅप एकाच मोठ्या मारासाठी बनवलेली असते.

स्टील टो दबल्यावर बोटे कापते, ही भीती बहुतेक प्रत्येक साइटवर ऐकू येते. कॅप बोटांपर्यंत चेपण्यासाठी जेवढे वजन पडावे लागेल, तेवढ्या वजनाखाली साध्या बुटातील बोटांचे काय झाले असते, एवढाच विचार करावा. कॅपची खरी मर्यादा वेगळी आहे. ती फक्त बोटे झाकते, पायाचा वरचा उंचवटा उघडाच राहतो. जिथे पाइप किंवा प्लेट आडवी पडण्याचा धोका असतो, तिथे त्या उंचवट्यावरही संरक्षण असलेले, म्हणजे "एम" खुणेचे शूज लागतात.

आणखी एक धोकादायक समजूत अशी, की कंपोझिट टो असलेला शूज विजेच्या कामाला चालतो. टो कॅप धातूची नसली, तरी विजेपासूनचे संरक्षण सोल आणि शूजच्या संपूर्ण बांधणीवर अवलंबून असते. "ए" खुणेचा अँटिस्टॅटिक शूज तर अंगावर साचलेला विद्युतभार हळूहळू जमिनीत सोडण्यासाठी मुद्दाम थोडा विद्युतवाहक ठेवलेला असतो. त्याला विद्युतरोधक समजून इलेक्ट्रिशियनला देणे म्हणजे उलटेच काम होय.

सोल : तेल सोसणे वेगळे, तेलावर पकड वेगळी

आमच्या सीएनसी विभागातील शूजच्या सोलवर "ऑइल रेझिस्टंट" असे ठळक उठवलेले होते आणि मी त्यावरच विसंबलो होतो. या शब्दांचा, किंवा "एफओ" या खुणेचा, अर्थ एवढाच की तेल लागून सोल फुगत वा कुजत नाही. तेलकट फरशीवर तो पकड देईल, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पकडीच्या खुणा स्वतंत्र असतात. "एसआरए" म्हणजे साबणाचे पाणी सांडलेल्या सिरॅमिक फरशीवर घेतलेली चाचणी, "एसआरबी" म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलच्या पृष्ठभागावरची चाचणी आणि "एसआरसी" म्हणजे या दोन्हींत उत्तीर्ण. आमच्या जोडीवर यांपैकी एकही खूण नव्हती.

पण खुणेनेही सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे पुढे कळले. एसआरसीचे नमुने आणून दोघांना घालायला दिले, तेव्हा पहिले चार दिवस ते खूश होते आणि पाचव्या दिवशी एक जण पुन्हा घसरला. शूज उलटा करून पाहिला, तर सोलच्या खाचा ॲल्युमिनियमच्या चिप्सनी गच्च भरल्या होत्या. कुलंटने भिजलेला तो चुरा इतका घट्ट बसला होता, की जमिनीला रबर नव्हे, तर धातूचीच सपाट टाच टेकत होती. तारेच्या ब्रशने सोल साफ केल्यावर त्याच जागी तोच शूज पुन्हा धरू लागला. म्हणून घसरण्याची तक्रार आल्यावर सर्वप्रथम सोल साफ करून त्याच फरशीवर पुन्हा चालून पाहावे. फरक पडला, तर दोष भरलेल्या खाचांचा आहे. फरक पडला नाही आणि नव्या शूजचे लोकही तिथेच घसरत असतील, तर मशीनच्या गळतीकडे आणि फरशीकडे पाहावे. फक्त जुन्या जोड्या घसरत असतील, तर नक्षी झिजलेली असते. मी खोली दोन मिलिमीटरच्या खाली गेली की जोडी बदलत असे.

खाचा जितक्या खोल तितकी पकड जास्त, हा नियमही सरसकट खरा नाही. बांधकामाच्या चिखलात आणि मोकळ्या मातीत खोल, अंतर राखून असलेली नक्षी उपयोगी पडते, कारण ती मातीत रुतते आणि चिखल झटकून टाकते. गुळगुळीत, तेलकट फरशीवर मात्र सोलचा जास्तीत जास्त भाग टेकला पाहिजे. तिथे लहान, धारदार कडांचे ठोकळे आणि द्रव बाहेर जाण्यासाठी थेट कडेपर्यंत उघडणाऱ्या बारीक वाटा लागतात. साइटसाठीचा दणकट दिसणारा सोल मशीन शॉपमध्ये नेऊन आम्ही नेमकी हीच चूक केली होती.

खिळ्याची गोष्ट त्याहून सरळ होती. आमच्या शूजमध्ये तळपट्टी, म्हणजे सोलमधली खिळा अडवणारी पट्टी, नव्हती. शटरिंगच्या फळ्या निघतात, तिथे उलटे खिळे आणि बाइंडिंग वायरचे तुकडे असणारच. त्यामुळे बांधकामावरील शूजवर "पी" किंवा "एस३" ही खूण असल्याशिवाय ते घेऊ नयेत. चाचणीत साडेचार मिलिमीटर जाडीचा बोथट खिळा ११०० न्यूटनच्या दाबाने दाबला जातो. स्टीलची पट्टी बारीक खिळाही चांगला अडवते, पण ती ताठ असते आणि तळव्याच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही. विणलेल्या धाग्यांची पट्टी लवचीक असून जास्त भाग झाकते, मात्र चाचणीतील खिळ्यापेक्षा बारीक, टोकदार खिळा तिच्यातून जाण्याची शक्यता अधिक असते. सेंट्रिंगच्या कामासाठी मी स्टीलचीच पट्टी घेईन.

वेल्डिंग आणि भट्टीजवळ साधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सोल नको. तिथे ३०० अंशांचा स्पर्श मिनिटभर सोसणारा, "एचआरओ" खुणेचा नायट्राइल रबराचा सोल असावा. स्वस्त मिळतात म्हणून पीयूच्या जोड्या दोन-तीन वर्षांसाठी साठवून ठेवणेही टाळावे. दमट हवेत पीयूचे हळूहळू विघटन होते आणि एकदाही न घातलेल्या शूजचा सोल पहिल्याच दिवशी भुगा होऊन सुटतो. शूजवर निर्मितीचा काळ छापलेला असतो. तो पाहावा आणि सोल वाकवून बारीक चिरा पडतात का, हे तपासावे.

नंबर बरोबर, तरीही पाय दुखतो

असेंब्लीतील लोकांनी शूज का सोडले, हे मी त्यांना खूप उशिरा विचारले. त्यांच्यातील एकाने सांगितले, "साहेब, उभं राहून काही होत नाही, जिना उतरताना बोटं लागतात." त्याच्या अंगठ्याचे नख काळे पडले होते. उतरताना पाय पुढे सरकतो आणि बोटे कॅपवर आदळतात. साधा बूट महिनाभरात पायाप्रमाणे सैलावतो, टो कॅप मात्र कधीच सैलावत नाही. म्हणून चपलेचा नंबर विचारून सेफ्टी शूजची यादी करणे चुकीचे ठरते.

दुखण्याची जागा पाहिली की बहुधा कारण सापडते. अंगठ्याचे नख काळे पडले, तर लांबी अपुरी आहे किंवा लेस ढिली आहे. करंगळीच्या बाजूला घट्टा पडला, तर रुंदी कमी आहे, आणि अशा वेळी एक नंबर मोठा देण्याऐवजी रुंद साच्याचा शूज शोधावा, नाहीतर टाच आत-बाहेर होऊन तिला फोड येतात. उकिडवे बसल्यावर बोटांच्या मुळाशी रुतत असेल, तर कॅपची मागची कडा पायाच्या वळण्याच्या जागी येत आहे. ती जोडी त्या पायाला कधीच बसणार नाही.

आम्ही दुसऱ्या ऑर्डरपूर्वी वेगवेगळ्या नंबरांच्या आणि दोन साच्यांच्या नमुना जोड्या मागवल्या आणि दुपारी चारनंतर, म्हणजे उभे राहून पाय सुजलेले असताना, कामाचेच मोजे घालून प्रत्येकाला त्या घालायला दिल्या. दोन्ही पायांत शूज घालून, लेस बांधून, जिना उतरून आणि एकदा खाली बसून पाहायचे, एवढीच अट होती. बेचाळीसपैकी सतरा जणांचा नंबर किंवा साचा पहिल्या यादीपेक्षा वेगळा निघाला.

कडक वाटणाऱ्या शूजमध्ये बाजारातील जाड इनसोल टाकण्याचा उपाय अनेक जण करतात. त्याने टाच सुखावते, पण पाय वर उचलला जातो आणि बोटे व कॅप यांतील जागा कमी होते. ७-८ नंबरच्या शूजमध्ये आघातानंतर बोटांसाठी किमान १४ मिलिमीटर उंची उरावी, असे मानक सांगते. आपण घातलेला इनसोल त्याच जागेतून वाटा घेतो. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे राहायचे असेल, तर आतला थर मऊ व बाहेरचा टणक असलेला डबल डेन्सिटी सोल आणि टाचेला धक्का शोषणारी "ई" खूण पाहून घ्यावी. बारा तासांच्या शिफ्टमध्ये घामाने भिजलेले चामडे रातोरात वाळत नाही, त्यामुळे आम्ही अशा कामगारांना दोन जोड्या दिल्या आणि त्या आलटून-पालटून वापरायला सांगितल्या. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये नंबराच्या रकान्याशेजारी मी मग आणखी तीन रकाने आखून घेतले: साचा, कामाची जागा आणि निर्मितीचा महिना.