फोटोतून कापलेली चप्पल नव्या फरशीवर टेकवताना: सावलीची सूचना कशी लिहावी

अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपलांचे कॅटलॉग करायला लागलेल्या नवख्यांना एक काम हमखास येतं. चपलेचा फोटो स्टुडिओत पांढऱ्या कागदावर काढलेला असतो आणि गिऱ्हाइकाला ती जुन्या घराच्या शहाबादी फरशीवर हवी असते. एडिटरला “नॅचरल सावली द्या” एवढंच लिहून पाठवलं की चपलेखाली काळा धुरकट डाग येतो. सूचना मोजून लिहावी लागते, आणि मोजमापं पार्श्वभूमीच्या फोटोतूनच निघतात.

असा फोटो धरा: डावीकडे खिडकी, तिला पातळ पांढरा पडदा, पडद्यावर दुपारचं ऊन. इथे उजेड सूर्याचा असला तरी दिवा म्हणून धरायचा तो पडदा. तो 90 सें.मी. रुंद, त्याचा मध्य जमिनीपासून 120 सें.मी. वर आणि चपलेच्या जागेपासून आडवा 150 सें.मी. लांब आहे. ही मापं फोटो काढणाऱ्याकडून आधीच मागून घ्या.

दिशा घड्याळाच्या भाषेत लिहावी. फरशी वरून पाहतोय असं समजा, कॅमेरा सहावर. पडदा दहावर असेल तर सावली चारकडे जाते. फोटोत तांब्या किंवा पाट असेल तर त्याच्या सावलीवरून दिशा ताडून घ्या, पण ती तशीच उचलू नका. उन्हात जमिनीवरच्या सावल्या एकमेकींना समांतर असतात. खिडकी जवळ असली की त्या पंख्यासारख्या पसरतात. मीटरभर लांबच्या तांब्याची दिशा चपलेला दिली तर ती चुकीची दिसणारच.

लांबी आणि मऊपणा, दोन्ही एकाच गुणोत्तरातून मिळतात: वस्तूच्या कडेची उंची भागिले दिव्याची उंची. पट्टा तळापासून 6 सें.मी. वर असेल तर 6 भागिले 120, म्हणजे 0.05. याला 150 ने गुणलं की सावली साधारण 7.5 सें.मी. लांब. 90 ने गुणलं की तिच्या कडेचा विरळ भाग 4.5 सें.मी. रुंद. टाचेची कड फक्त 1 सें.मी. वर असते, म्हणून तिथला विरळ भाग जेमतेम 0.75 सें.मी. एकाच चपलेच्या सावलीत इतका फरक पडतो, म्हणून सगळ्या सावलीला एकच Gaussian Blur लावलेलं काम लगेच ओळखू येतं.

26 सें.मी.ची चप्पल चित्रात 1300 पिक्सेल असेल तर 1 सें.मी. म्हणजे 50 पिक्सेल. टाचेचा विरळ भाग सुमारे 37 पिक्सेल, पट्ट्याचा 225. ब्लरची त्रिज्या साधारण याच्या एक तृतीयांश धरावी: टाचेला 12, पट्ट्याला 75. शिवाय तळ जिथे फरशीला खरोखर टेकतो तिथे 2-3 पिक्सेलची गडद रेघ वेगळ्या लेयरवर मागा. नव्या चपलेचं पुढचं टोक थोडं उचललेलं असतं, तिथे ही रेघ नको. आणि टाचेखाली ती द्यायची राहिली, तर चप्पल तरंगते.

सावलीचा रंग काळा नसतो. पडद्याचा उजेड अडला तरी मागच्या दारातून आकाशाचा निळसर उजेड येतच असतो. म्हणून फोटोतल्या तांब्याशेजारची उजेडातली फरशी आणि त्याच्या सावलीतली फरशी, दोन्हींचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे घ्या. समजा उजेडात 180, 172, 160 आणि सावलीत 81, 83, 86. प्रत्येक सावलीचा आकडा उजेडाच्या आकड्याने भागून 255 ने गुणा: 115, 123, 137. हा रंग Multiply लेयरवर भरला की त्या फरशीवर नेमकी तीच सावली उतरते.

चपलेचा स्वतःचा रंग हे शेवटचं आणि सगळ्यांत फसवं. कमावलेलं कातडं मुळातच पिवळसर असल्यामुळे नजरेला ती आधीच उबदार वाटते, आणि पिवळेपणा कमी दिला जातो. यासाठी स्टुडिओत चपलेशेजारी पांढरं कार्ड ठेवून एक फोटो घ्यावा. पार्श्वभूमीतही त्याच जातीचं कार्ड चपलेच्या जागी ठेवून टिपावं. भिंतीच्या चुन्यावर विसंबू नये, तो जुना होऊन पिवळा पडलेला असतो. मग लाल आणि निळ्याचं गुणोत्तर दोन्ही कार्डांवर सारखं येईपर्यंत Curves हलवा. सूचनेत नुसता “6500 केल्विन” लिहू नका. जास्त केल्विनचा उजेड निळसर असतो, पण Camera Raw मध्ये तोच आकडा वाढवला की चित्र पिवळं होतं. एडिटर दोन्हींपैकी काहीही समजू शकतो. “कार्डाइतकं पिवळसर” असं लिहून आकडे द्या.

हे सगळं करण्याआधी चपलेवरची चमक कुठल्या बाजूला आहे ते पाहा. चमक उजवीकडे आणि खिडकी डावीकडे असेल तर कुठलीही सावली ते झाकत नाही. चित्र आरशातल्यासारखं उलटवता येतं, पण एकटी चप्पल असेल तर डाव्या पायाची उजव्या पायाची होते, आणि जोड असला तरी तळव्यावरचा शिक्का व नंबर उलटा वाचला जातो. शिक्का असेल तर फोटो पुन्हा काढून मागवा.